बारा महिने आणि एक दिवस

१० जून २०२४ रोजी कोणी एका कंपनीचे ५०० शेअर ४०० रुपये भावाने घेतले आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये ते ६४० रुपयांना विकले, तर नफा होतो १ लाख २० हजार. विक्री १० जून २०२५ रोजी झाली असेल, तर या नफ्यावर २० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे २४,९६० रुपये भरावे लागतात. विक्री ११ जूनला झाली असेल आणि त्या आर्थिक वर्षात दुसरा दीर्घ मुदतीचा नफा नसेल, तर एक रुपयाही भरावा लागत नाही. पगार किंवा इतर उत्पन्नामुळे जे आधीच कराच्या कक्षेत आहेत, त्यांच्यासाठी हा हिशेब आहे. शेअर तेच, भाव तोच. फरक फक्त एका रात्रीचा.

शेअर बाजारात नोंदलेले शेअर बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ जवळ ठेवून विकले, तर नफा दीर्घ मुदतीचा. बारा महिने किंवा त्याहून कमी काळ ठेवले, तर अल्प मुदतीचा. २३ जुलै २०२४ पासून अल्प मुदतीच्या नफ्यावरचा दर १५ वरून २० टक्क्यांवर गेला आणि दीर्घ मुदतीचा १० वरून साडेबारा टक्क्यांवर. दीर्घ मुदतीच्या नफ्यातले वर्षाला पहिले सव्वा लाख रुपये करमुक्त असतात. अल्प मुदतीला अशी सवलत नाही. बाजारात नोंदणी नसलेल्या कंपनीच्या शेअरना हीच मर्यादा चोवीस महिन्यांची आहे. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा नव्या प्राप्तिकर कायद्याने घेतली, त्यात कलमांचे क्रमांक बदलले, पण मुदतीचा हा नियम तसाच राहिला.

नियम एका ओळीत मावतो. तरीही विवरणपत्र भरताना याच एका ओळीवर लोक अडखळतात, कारण ‘किती काळ’ हे ठरवायला दोन तारखा लागतात आणि त्या दोन्ही तारखा दिसतात तितक्या सरळ नसतात.

कायद्याने महिने मोजायला सांगितले आहेत, दिवस नाहीत. महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना. आणि विक्रीच्या तारखेच्या ‘लगतपूर्वीचा’ काळ मोजायचा असल्याने विक्रीचा दिवस धरला जात नाही. १० जून २०२४ ला घेतलेल्या शेअरचे बारा महिने ९ जून २०२५ ला रात्री पूर्ण होतात. १० जूनला विकले, तर मागे बरोबर बारा महिने आहेत, बारापेक्षा जास्त नाहीत. म्हणून तो नफा अल्प मुदतीचा. ११ जूनला विकले, की बारा महिने आणि एक दिवस होतो आणि रेघ ओलांडली जाते. खरेदीची जी तारीख, तीच तारीख पुढच्या वर्षी उलटून जाऊ द्यायची. सुरक्षित विक्री दुसऱ्या दिवसापासून.

‘३६५ दिवस झाले की झालं’ असा हिशेब अनेक जण करतात. लीप वर्षात तो फसतो. १५ जानेवारी २०२४ ला शेअर घेतले आणि १५ जानेवारी २०२५ ला विकले, तर एका तारखेतून दुसरी वजा केल्यावर ३६६ येतात, कारण मध्ये २९ फेब्रुवारी येऊन गेला. ३६६ हा आकडा ३६५ पेक्षा मोठा, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण महिने बाराच झालेले असतात. ज्यांनी स्वतःची एक्सेल शीट करून ठेवली आहे, त्यांनी तारखांची वजाबाकी काढून टाकावी आणि A2 मध्ये खरेदीची, B2 मध्ये विक्रीची तारीख धरून हे सूत्र घालावे:

```
=IF(B2>EDATE(A2,12),"LT","ST")
```

EDATE खरेदीच्या तारखेत बारा महिने मिळवून तारीख देते. विक्री तिच्यानंतरची असेल, तरच उत्तर दीर्घ मुदतीचे येते.

आता त्या दोन तारखा कुठून घ्यायच्या. सोमवारी शेअर घेतले, तर ते डिमॅट खात्यात मंगळवारी जमा होतात. २०२३ च्या जानेवारीपासून आपल्याकडे सगळे शेअर व्यवहार असे दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पुरे होतात. पूर्वी त्याला आणखी दिवस लागत आणि कागदी सर्टिफिकेटांच्या काळात तर आठवडे जात. मग खरेदीची तारीख सोमवारची की मंगळवारची? केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २८ एप्रिल १९९५ च्या ७०४ क्रमांकाच्या परिपत्रकात याचे उत्तर देऊन ठेवले आहे. व्यवहार शेअर बाजारामार्फत झाला असेल आणि त्यानंतर शेअर प्रत्यक्ष दिले-घेतले गेले असतील, तर ब्रोकरच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवरची तारीख खरी. खरेदीलाही तीच, विक्रीलाही तीच. पैसे कधी वळते झाले, डिमॅटमध्ये नोंद कधी पडली, याला मुदतीच्या हिशेबात जागा नाही. म्हणून कॉन्ट्रॅक्ट नोट हा कागद जपण्याचा आहे. बहुतेकांकडे ती रोज संध्याकाळी ई-मेलने येते आणि न उघडताच पडून राहते. वर्षातून एकदा तरी त्या सगळ्या एका फोल्डरमध्ये उतरवून ठेवाव्यात. ब्रोकर बदलला, जुने खाते बंद झाले, की त्या पुन्हा मिळवणे जिकिरीचे होते.

एकाच दिवशी सगळे घेतले आणि एकाच दिवशी सगळे विकले, तर इथवरची माहिती पुरते. पण तसे फार थोडे लोक करतात. दर महिन्याला थोडे, भाव पडला की थोडे, दिवाळीच्या मुहूर्ताला थोडे अशी खरेदी होत राहते आणि विक्रीही तुकड्यातुकड्याने होते. मग विकलेला शेअर यातला नेमका कोणता?

कागदी सर्टिफिकेटांच्या दिवसांत हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटत असे. प्रत्येक शेअरला स्वतःचा क्रमांक होता आणि तो सर्टिफिकेटवर छापलेला असे. जुनी ठेवायची असतील तर जुनी ठेवा, नवी विकायची असतील तर ती द्या. १९९६ चा डिपॉझिटरी कायदा आला, त्याच वर्षी मुंबईत एनएसडीएल सुरू झाली आणि शेअर कागदावरून संगणकातल्या नोंदीत गेले. त्याबरोबर त्यांचे क्रमांकही गेले. तुमच्या खात्यातले ५०० शेअर आता एकसारखे ५०० आहेत, त्यात पहिला कोणता आणि शेवटचा कोणता हे त्यांच्याकडे पाहून सांगता येत नाही. म्हणून कायद्यालाच क्रम ठरवून द्यावा लागला. प्राप्तिकर कायद्यात ४५(२ए) हे पोटकलम आले आणि २४ जून १९९८ च्या ७६८ क्रमांकाच्या परिपत्रकाने ते सविस्तर समजावले. जो आधी आत आला, तो आधी बाहेर जातो. खालच्या बाजूला झडप असलेल्या धान्याच्या कोठीसारखे हे आहे. वरून कितीही नवे धान्य ओता, खालून निघते ते सगळ्यात आधी पडलेले. बाजारात या पद्धतीला ‘फिफो’ म्हणतात. निवड करण्याचा अधिकार गुंतवणूकदाराला नाही. ‘मी डिसेंबरचे विकले, जूनचे ठेवले’ असे डिमॅटमधल्या शेअरबाबत म्हणता येत नाही.

त्या परिपत्रकात दोन गोष्टी अशा आहेत, की ज्यांना त्या ठाऊक असतात त्यांचे काम बरेच सोपे होते. पहिली म्हणजे हा क्रम प्रत्येक डिमॅट खात्यापुरता स्वतंत्र असतो. एकाच पॅनवर तुमची दोन डिमॅट खाती असतील, तर एकातून विकताना दुसऱ्यातले शेअर मोजणीत येत नाहीत. वर्षानुवर्षे ठेवायचे शेअर एका खात्यात आणि अधूनमधून घेण्या-विकण्याचे दुसऱ्या खात्यात ठेवले, तर जुन्या शेअरची मुदत चुकून खर्ची पडत नाही. ही पळवाट नाही. मंडळानेच तसे स्पष्ट लिहिले आहे. दोन्ही प्रकारचे व्यवहार करणाऱ्या प्रत्येकाने हे करावे असे मला मनापासून वाटते. दुसऱ्या खात्याचा वार्षिक खर्च होतो, पण विवरणपत्राच्या वेळचा गोंधळ त्याहून महाग पडतो.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. बाहेर कोणता शेअर आधी जाणार हे ठरते खात्यात शिरण्याच्या तारखेवरून. पण त्या शेअरची मुदत मोजायची ती खरेदीच्या तारखेपासून. एरवी या दोन तारखांत एखाद्या दिवसाचे अंतर असल्याने फरक पडत नाही. फरक पडतो तो जुनी कागदी सर्टिफिकेटे उशिरा डिमॅट केली तेव्हा. समजा, एकाच कंपनीचे १०० शेअर घरात १९९५ पासून कागदावर होते आणि २०२४ मध्ये त्याच कंपनीचे आणखी १०० डिमॅटमध्ये विकत घेतले. २०२५ मध्ये जुनी सर्टिफिकेटे डिमॅट केली आणि महिन्याभरात १०० शेअर विकले. मनाला वाटते, जुने आधी गेले. प्रत्यक्षात खात्यात आधी शिरले होते ते २०२४ चे, म्हणून तेच गेले. १९९५ चे मागे राहिले आणि ते जेव्हा विकले जातील, तेव्हा त्यांची मुदत १९९५ पासूनच धरली जाईल.

आता एक पूर्ण हिशेब करू, कारण यातले बारकावे आकड्यांशिवाय हाताला लागत नाहीत. एका गुंतवणूकदार बाईंचे एकच डिमॅट खाते आहे असे धरू. त्यांनी १० जून २०२४ ला एका कंपनीचे ३०० शेअर ४०० रुपयांना घेतले. ४ नोव्हेंबर २०२४ ला आणखी २०० घेतले, भाव ५०० रुपये. एकूण गुंतवणूक २ लाख २० हजार. मार्च २०२५ मध्ये कंपनीने एकास एक बोनस दिला आणि २० मार्च २०२५ ला ५०० बोनस शेअरांचे वाटप झाले. बाईंकडे आता १००० शेअर आहेत आणि बोनसनंतर भाव साहजिकच निम्म्याच्या आसपास आला आहे.

बोनस शेअरची मुदत मूळ शेअरबरोबर मोजली जात नाही. ती वाटपाच्या तारखेपासून नव्याने सुरू होते आणि त्यांची खरेदी किंमत शून्य धरली जाते. मूळ शेअरची किंमत मात्र पूर्वीचीच, ४०० आणि ५०० रुपये. भाव अर्धा झाला म्हणून ती अर्धी होत नाही.

१८ ऑगस्ट २०२५ ला बाईंनी ६०० शेअर ३२० रुपयांनी विकले. त्यांच्या मनातला हिशेब असा: सरासरी २२० रुपयांना पडलेला शेअर ३२० ला गेला, दर शेअरमागे १०० रुपये सुटले. करखात्याचा हिशेब निराळा आहे. सगळ्यात आधी गेले जूनचे ३००. ते चौदा महिने जवळ होते, म्हणून दीर्घ मुदतीचे. किंमत १ लाख २० हजार, विक्री ९६ हजार, म्हणजे २४ हजारांचा दीर्घ मुदतीचा तोटा. मग गेले नोव्हेंबरचे २००. साडेनऊ महिने, म्हणून अल्प मुदतीचे. किंमत १ लाख, विक्री ६४ हजार, ३६ हजारांचा अल्प मुदतीचा तोटा. उरलेले १०० गेले बोनसमधून. किंमत शून्य, विक्री ३२ हजार, मुदत पाच महिने, म्हणून सगळेच्या सगळे ३२ हजार अल्प मुदतीचा नफा. अल्प मुदतीचा तोटा-नफा एकमेकांत वळते केले, की ४ हजारांचा अल्प मुदतीचा तोटा उरतो. दीर्घ मुदतीचा २४ हजारांचा तोटा वेगळा उभा आहे. नफा झाला असे वाटणाऱ्या व्यवहारात कागदावर दोन्ही बाजूंनी तोटा दिसतो.

मागे राहिले ४०० बोनस शेअर आणि सगळ्या कराचा भार आता त्यांच्यावर आहे, कारण त्यांची किंमत शून्य. मार्च २०२६ मध्येही भाव ३२० च आहे असे धरले, तर त्यांची विक्री १ लाख २८ हजारांची होईल. ती त्यांनी २० मार्च २०२६ ला केली, तर बारा महिने बरोबर झालेले असतात, जास्त नाही. नफा अल्प मुदतीचा. त्यातून ४ हजारांचा अल्प मुदतीचा तोटा वजा होतो. २४ हजारांचा दीर्घ मुदतीचा तोटा मात्र अल्प मुदतीच्या नफ्यातून वजा करता येत नाही, त्याला दीर्घ मुदतीचाच नफा लागतो. करपात्र रक्कम १ लाख २४ हजार आणि उपकरासह कर २५,७९२ रुपये.

मुदत ओलांडली जाते २१ मार्चला. पण २० मार्च २०२६ हा शुक्रवार आहे आणि शनिवार-रविवार बाजार बंद. म्हणून विक्री करायची २३ मार्चला, सोमवारी. मग १ लाख २८ हजार हा दीर्घ मुदतीचा नफा ठरतो. त्यातून दीर्घ मुदतीचा २४ हजारांचा तोटा जातो आणि अल्प मुदतीचा ४ हजारांचाही जातो, कारण अल्प मुदतीचा तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होऊ शकतो. उरतात १ लाख रुपये. सव्वा लाखाच्या आतले, म्हणून कर शून्य. एक शनिवार-रविवार थांबण्याने २५ हजार ७९२ रुपये वाचले. या दोन दिवसांत भाव पडण्याची जोखीम आहेच, पण बाईंच्या बाबतीत भाव शेअरमागे ६४ रुपयांनी पडला असता, तरच थांबणे महागात गेले असते. असा आकडा काढून पाहावा आणि मग ठरवावे. नुसत्या करासाठी एखादा घसरता शेअर महिनोन्‌महिने धरून बसणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

बाईंची नोव्हेंबरची खरेदी बोनसच्या पात्रता तारखेच्या चार महिन्यांहून आधीची होती, हे मुद्दाम तसे घेतले आहे. पात्रता तारखेच्या आधीच्या तीन महिन्यांत शेअर घेतले, ते त्या तारखेनंतरच्या नऊ महिन्यांत तोट्यात विकले आणि त्या वेळी बोनसचे शेअर जवळ ठेवले, तर तो तोटा धरला जात नाही. तो बोनस शेअरची किंमत म्हणून पुढे ओढला जातो. २०२३ च्या एप्रिलपासून ही तरतूद शेअरांनाही लागू आहे. नुसता बोनस पाहून खरेदी करणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी.

बोनस आणि स्प्लिट यांची गल्लत फार होते. मोबाइलच्या पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात: शेअर दुप्पट झाले, भाव अर्धा झाला. पण स्प्लिटमध्ये जुनाच शेअर दोन तुकड्यांत विभागला जातो. म्हणून मुदत मूळ खरेदीपासून चालू राहते आणि मूळ किंमतही दोन्हींत वाटली जाते. वरच्या उदाहरणात बोनसऐवजी स्प्लिट असता, तर जूनचे ३०० शेअर २०० रुपयांचे ६०० झाले असते आणि ऑगस्टमधली सगळी विक्री दीर्घ मुदतीच्या नफ्याची, ७२ हजारांची आणि पूर्णपणे करमुक्त ठरली असती. कंपनीने नेमके काय केले, हे तिने शेअर बाजाराला दिलेल्या सूचनेत लिहिलेले असते. राइट्स शेअर आणि आयपीओत मिळालेले शेअर यांची मुदत बोनसप्रमाणेच वाटपाच्या तारखेपासून धरतात, अर्ज केला त्या दिवसापासून नाही.

कंपनी विभागली गेली तर? जुलै २०२३ मध्ये रिलायन्सपासून जिओ फायनान्शियल सर्व्हिसेस वेगळी झाली. २० जुलै ही पात्रता तारीख होती आणि नव्या कंपनीचा शेअर २१ ऑगस्टला बाजारात आला. ज्यांनी रिलायन्सचे शेअर २०१५ मध्ये घेतले होते, त्यांनी जिओ फायनान्शियल सप्टेंबरमध्येच विकला तरी तो नफा दीर्घ मुदतीचा, कारण अशा विभाजनात मूळ कंपनीचे शेअर धरल्याचा काळ नव्या शेअरच्या मुदतीत मिळवला जातो. किंमतही मूळ खरेदीतूनच वाटून घ्यायची. रिलायन्सने त्यासाठी मूळ किमतीच्या ४.६८ टक्के हा वाटा जाहीर केला होता. पण अनेकांच्या नोंदीत तो शेअर ‘शून्य किंमत, ऑगस्ट २०२३’ असाच पडला होता आणि ज्यांनी ती नोंद तशीच उचलली, त्यांनी नको तो कर भरला.

आईवडिलांकडून आलेल्या शेअरबाबत अशी चूक सर्वांत जास्त होते आणि ती सर्वांत जास्त नुकसान करते. वारसाहक्काने किंवा भेट म्हणून शेअर मिळाले, तर मुदत मोजताना आधीच्या मालकाचा काळही धरायचा असतो. आईने २०१० मध्ये घेतलेले शेअर तिच्या पश्चात २०२५ मध्ये मुलीच्या डिमॅटमध्ये आले आणि मुलीने पुढच्याच महिन्यात विकले, तरी ते दीर्घ मुदतीचेच. किंमत आईने दिलेली. शिवाय २०१८ च्या अर्थसंकल्पाने एक संरक्षण दिले आहे. ऑक्टोबर २००४ पासून मार्च २०१८ पर्यंत बाजारात विकलेल्या शेअरवरचा दीर्घ मुदतीचा नफा करमुक्त होता. तो पुन्हा करपात्र करताना ३१ जानेवारी २०१८ पर्यंत साठलेल्या नफ्याला हात लावायचा नाही असे ठरले. म्हणून त्याआधी घेतलेल्या शेअरसाठी त्या दिवसाचा बाजारातला सर्वोच्च भाव किंमत म्हणून धरता येतो. विक्रीचा भाव त्याहून कमी असेल, तर विक्रीच्या भावाइतकाच धरायचा, आणि मूळ खरेदी असा ठरलेल्या आकड्याहून महाग असेल तर मूळ खरेदीच धरायची. आईचे २०१० चे शेअर मुलीलाही हे संरक्षण मिळवून देतात.

पण मुलीच्या डिमॅट खात्याला यातले काहीच माहीत नसते. ब्रोकरच्या संगणकाला एवढेच दिसते, की अमुक दिवशी बाहेरून इतके शेअर आले. खरेदीची तारीख म्हणून तो हस्तांतराची तारीख लावतो आणि किंमत रिकामी किंवा शून्य ठेवतो. आपल्याच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात शेअर हलवले, तरी हेच घडते, जरी मालक तोच असल्याने मुदत खंडित झालेली नसते. मग वर्षअखेरीच्या नफा-तोट्याच्या अहवालात पंधरा वर्षांचा शेअर ‘अल्प मुदत’ म्हणून उमटतो. प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावरील वार्षिक माहितीपत्रात, म्हणजे एआयएसमध्ये, डिपॉझिटरीकडून आलेली माहितीही अशीच अपुरी असू शकते. विवरणपत्र भरण्याआधी हे दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत. कुठे किंमत शून्य आहे, कुठे खरेदीची तारीख आणि बाहेरून शेअर आल्याची तारीख एकच आहे, कुठे बोनस नसताना अल्प मुदत दिसते, या तीन खुणा शोधाव्यात. बहुतेक ब्रोकर मूळ तारीख आणि किंमत नोंदवू देतात. एआयएसमधल्या चुकीच्या नोंदीवर तिथेच हरकत नोंदवता येते. पुरावा म्हणून मूळ कॉन्ट्रॅक्ट नोट, जुने सर्टिफिकेट किंवा त्या काळचे डिमॅट विवरण जवळ असावे.

एक चूक मात्र स्वतःच्या हातून होते आणि ती मार्चअखेरीस होते. सव्वा लाखाची सवलत वाया जाऊ नये म्हणून जुने, नफ्यातले शेअर विकून लगेच परत घ्यायचे, अशी रीत आहे. ती योग्यही आहे. पण सकाळी विकले आणि दुपारी त्याच खात्यातून तेच शेअर घेतले, तर दोन्ही व्यवहार एकमेकांत मिटतात. डिमॅटमधून काहीच बाहेर जात नाही, जुना शेअर विकलाच जात नाही आणि जो काही किरकोळ फरक उरेल तो सट्ट्याचा नफा किंवा तोटा ठरतो. विक्री आज आणि खरेदी पुढच्या कामकाजाच्या दिवशी, असेच करावे लागते. शिवाय परत घेतलेल्या शेअरची मुदत त्या नव्या दिवसापासून सुरू होते. पुढचे बारा महिने ते विकायची गरज पडणार असेल, तर आधी विचार करावा.

तोट्यातल्या शेअरबाबत हीच तारीख उलटी वाचायची असते. एखादा शेअर पडला आहे, तो काढून टाकायचा हे नक्की झाले आहे आणि बारा महिने पुरे व्हायला आठवडा उरला आहे. अशा वेळी मुदतीच्या आतच विकलेले बरे. अल्प मुदतीचा तोटा २० टक्के कर लागणाऱ्या नफ्यातूनही वजा होतो आणि साडेबारा टक्केवाल्यातूनही. रेघ ओलांडली, की तोच तोटा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यापुरता उरतो. दोन्ही तोटे पुढे आठ वर्षे ओढता येतात, मात्र त्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरलेले असायला हवे.